पाऊस आला आणि ती ताडपत्री ओढायला धावली

एका विज्ञानकथेची सुरुवात अशी आहे असं समजा:

«इसवी सन 2071. हवामानबदलामुळे पाऊस दुर्मिळ झाला होता. 2052 च्या पर्जन्य वितरण कायद्यानुसार ढगांची मालकी महामंडळाकडे गेली होती. कृत्रिम पाऊस ज्याच्या शेतात पडेल त्याला मिलिमीटरप्रमाणे बिल येत असे. ज्यांना ते परवडत नसे ते पाऊस आल्यावर शेत झाकून घेत. सुशीला अशीच एक गरीब शेतकरी होती.»

माहिती सगळी आली आणि कल्पनाही वाईट नाही, पण कथा मात्र अजून सुरूच झालेली नाही. शेवटच्या वाक्यात सुशीला येते, तोवर तिच्या जगातलं एकमेव आश्चर्य आपण सांगून संपवलेलं असतं. पाऊस आल्यावर शेतकरी शेत झाकतो हे वाचकाला आधी दिसायला हवं होतं. त्यानं भुवया उंचावायला हव्या होत्या, आणि मग कारण कळायला हवं होतं. इथे कारण आधी आलं, त्यामुळे नंतर सुशीला खरंच धावली तरी वाचक म्हणणार, "हो, सांगितलंत की मघाशी."

काल्पनिक जगाचे नियम वाचकापर्यंत पोचवणं हे विज्ञानकथेतलं सगळ्यात किचकट काम. सामाजिक कथेत हा प्रश्न फारसा येत नाही. 'एसटी चुकली' म्हटलं की पुढचं सगळं वाचकच भरून काढतो. विज्ञानकथेत एसटी म्हणजे काय, ती चुकली तर काय होतं, इथपासून सांगावं लागतं, आणि लघुकथेत त्यासाठी जागा नसते. म्हणून हीच सुशीलाची कथा धरून बघू की तोच मजकूर घटनेतून कसा आणता येतो. कथा दोन-अडीच हजार शब्दांची आहे असं धरू.

आधी लेखकाच्या वहीतलं काम. या जगाचे नियम किती आहेत? मोजले तर तीनच. शेतात पडलेला पाऊस बांधावरचं मीटर मोजतं आणि त्याचं बिल येतं. शेत झाकलेलं असेल तर बिल येत नाही. आणि तिसरा, ज्यावर कथेचा शेवट उभा आहे: महामंडळानं न पाडलेला, आपोआप आलेला पाऊस फुकट असतो. पाऊस कुठला हे ओळखायला तपासनीस डबक्यात एक कागदी पट्टी बुडवतो. ढगात फवारलेली चांदीची संयुगं पाण्यात असतील तर पट्टी निळी होते, नसतील तर पांढरीच राहते. अडीच हजार शब्दांत चौथा नियम मावत नाही. सुचला तर तो दुसऱ्या कथेसाठी ठेवावा.

वहीत आणखी बरंच असू शकतं आणि असावंही. सोलापूरच्या परिसरात 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं विमानातून ढगांत क्षारांचे कण सोडून पाहिले होते, तेव्हा कथेचं बी काही हवेतलं नाही. ढगाच्या गोठणबिंदूखालच्या थंड भागात सिल्व्हर आयोडाइड वापरतात. ढगच नसेल तर मात्र कुठल्याच फवारणीनं पाऊस पडत नाही. फवारलेला ढग वाऱ्यासोबत पुढे सरकतो, म्हणजे एकानं विकत घेतलेला पाऊस शेजाऱ्याच्या रानात पडू शकतो. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटरहून थोडं जास्तच पाणी. हे सगळं लेखकाला माहीत हवं, कारण त्यातूनच प्रसंग सुचतात. वारा फिरला आणि पाटलांनी घेतलेला ढग सुशीलाच्या वीस गुंठ्यांवर आला, हा प्रसंग ढग सरकतो या साध्या वस्तुस्थितीतून निघाला. पण यातलं किती कथेत उतरवायचं? माझ्या मते दहातला एखादा भाग, आणि तोही कुणाला त्याची गरज पडेल तेव्हा. (चांदीचं खरं प्रमाण इतकं नगण्य असतं की कागदी पट्टीला ते कधीच कळणार नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. ती सूट कथेनं घेतली आहे. एका कथेत अशी एक सूट खपते.)

आता तीच सुरुवात पुन्हा लिहू.

«पहिला थेंब पत्र्यावर वाजला तशी सुशीलानं परात तिथंच टाकली.

"बंड्या, कप्पी सोड! आधी कप्पी सोड!"

ताडपत्री निम्म्या रानावर आली आणि अडकली. बंड्या तारेला लोंबकळला. पलीकडं पाटलाच्या उसावर पाऊस धो धो कोसळत होता, आणि वारा इकडचा होता.

"आई, सुटंना."

बांधावरच्या मीटरचा दिवा हिरव्याचा तांबडा झाला. सुशीला वाफ्यात उतरली आणि उरलेल्या मिरचीवर पदर पसरून उभी राहिली. पदराखाली चार रोपं मावली.»

इथे कायदा नाही, महामंडळ नाही, सालही नाही. तरी वाचकाला काय काय कळलं ते पाहा. पाऊस नकोसा आहे. तो शेतावर पडू नये म्हणून तार-कप्पीची कायमची सोय केलेली आहे, म्हणजे हे पहिल्यांदा घडत नाही. बांधावर मीटर आहे आणि पाऊस पडला की त्याचा दिवा तांबडा होतो. पाटलाला पाऊस चालतो, सुशीलाला चालत नाही, म्हणजे फरक ऐपतीचा असावा. मीटर हा शब्द आला की मराठी वाचकाच्या डोक्यात बिल आपोआप येतं, ते सांगावं लागत नाही. पहिला नियम जवळजवळ पूर्ण पोचला आणि दुसरा अर्धा, आणि दोन्ही वाचकानं स्वतः लावले.

हे जमलं कारण नियम एका माणसाला महागात पडताना दिसला. नियम नुसता अस्तित्वात असून दिसत नाही. कुणी तो पाळायला धडपडतं, कुणी मोडतं, कुणी त्यातून पळवाट काढतं, तेव्हा दिसतो. म्हणून वहीतल्या प्रत्येक नियमासमोर एक प्रश्न लिहावा: या नियमामुळे आज, या घडीला, कुणाचं काय अडलंय? उत्तर सापडलं की प्रसंग सापडतो. उत्तरच नसेल तर तो नियम बहुधा कथेला नकोच आहे, लेखकाला फक्त आवडलाय.

पदराचं वाक्य जरा जवळून पाहण्यासारखं आहे. त्या क्षणी सुशीला हिशेब करत नाही, चार रोपं वाचवून बिलात काही फरक पडणार नाही हे तिलाही माहीत आहे. पण त्या हालचालीतून तिची घाबरगुंडी कळते आणि नियम किती जाचक आहे तेही कळतं. एकाच वाक्यानं दोन कामं केली. माहिती देणाऱ्या प्रत्येक वाक्याकडून ही अपेक्षा ठेवावी: त्यानं जगाबद्दल काही सांगावं आणि माणसाबद्दलही. फक्त जगाबद्दल सांगणारं वाक्य दिसलं की ते आधी खोडून बघावं.

पुढची अडचण संवादांची. निवेदनातून माहिती देऊ नये एवढं ऐकलेला लेखक ती पात्रांच्या तोंडी देतो, आणि मग असलं काहीतरी होतं: "सुशीला, तुला तर माहीतच आहे की झाकलेल्या शेताला बिल येत नाही." तिला माहीत आहे तर सांगतोयस कशाला? खऱ्या आयुष्यात दोन माणसं दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट एकमेकांना समजावून सांगत नाहीत. पण त्याच गोष्टीवरून भांडतात मात्र रोज. भांडणात माणूस ठाऊक असलेलंच बोलतो, जोरात बोलतो, आणि ते खोटं वाटत नाही. म्हणून सुशीलाच्या सासूला आणू.

«"निम्मं झाकलं म्हंजे निम्मं बिल, असं न्हाई करत ते. गेल्या टायमालाबी तू हेच म्हणालीस आन् शेळी गेली."

"आत्याबाई, कप्पी अडकली. मी काय करू?"

"कप्पीला तेल घालायला कोण येणार, पाटील?"»

निम्मं झाकलेलं चालत नाही हा तपशील आला, पण कुणी समजावून सांगतंय असं वाटत नाही, कारण सासू सुनेवर चिडली आहे. 'शेळी गेली' हे मुद्दाम मोघम ठेवलंय. वाचताना पहिल्यांदा वाटतं की पावसात वाहून गेली असेल. दोन पानांनंतर रिकामा खुंटा आणि भिंतीवर लावलेली पावती दिसली की कळतं, बिलापायी विकली. असं मागे वळून उलगडणारं वाक्य कथेत एखादंच असावं. चार झाली की वाचकाला कोडी सोडवत बसल्यासारखं होतं.

नवख्या माणसाला आणून त्याच्या तोंडून प्रश्न विचारणं हा दुसरा रूढ उपाय. शहरातून आलेला भाचा विचारतो, "मामी, हे मीटर कशाला?" ही युक्ती वाईट नाही, पण त्या भाच्याला कथेत स्वतःचं काही काम हवं. तो फक्त विचारायला आला असेल तर तिसऱ्या प्रश्नाला वाचक त्याला ओळखतो. तपासनीस, वसुलीवाला, पोस्टमन ही माणसं त्याहून बरी, कारण नियमाविषयी बोलणं हा त्यांचा धंदाच असतो. आपल्या कथेत तपासनीस लागणारच आहे, शेवटी पट्टी बुडवायला.

आणि खरी कसरत त्या पट्टीचीच आहे. कथेचा शेवट असा: पाऊस थांबतो, तपासनीस मोटारसायकलवरून येतो, डबक्यात पट्टी बुडवतो, ती पांढरीच राहते. पाटलाच्या ढगाची फवारणी त्या दिवशी झालेलीच नव्हती. पाऊस आपला आपण आला होता, फुकटचा, आणि सुशीलानं निम्म्या मिरचीवरून तो परतवून लावला होता.

हा शेवट लागू पडायला वाचकाला पट्टीचा नियम आधी माहीत हवा. तिथे पोचल्यावर तपासनिसानं "पट्टी पांढरी म्हणजे पाऊस नैसर्गिक" असं सांगितलं तर कथा तिथंच बसते, कारण वाचक नियम समजून घेण्यात अडकतो आणि सुशीलाच्या पोटात काय कालवलं ते निसटतं. शेवटच्या क्षणी वाचकाला काहीही नवं शिकावं लागता कामा नये. म्हणजे पट्टी आधी येऊन गेलेली हवी, पण इतकी बिनमहत्त्वाची की ती पुढे लागणार आहे असं वाटू नये.

इथे बंड्या उपयोगी पडतो. तपासनिसानं टाकून दिलेल्या पट्ट्या तो गोळा करतो. भांडण चालू असताना तो आपला डबा उघडून बसलाय.

«डब्यात सगळ्या निळ्या. काही गडद, काही फिक्या.

"ज्ञानूकडं पांढरी हाय," बंड्या म्हणाला. "त्याच्या आज्याच्या येळची. ती देऊन तो माझ्या धा घेतो म्हंतो."

"दहा देऊ नको," आजी म्हणाली. "त्या पावसाचं बिल नव्हतं म्हणून काय सोनं लागलं होय त्येला."»

पोरांचा खेळ आणि आजीचा टोमणा, एवढंच दिसतं. पण पांढरी पट्टी दुर्मिळ आहे आणि तिच्या पावसाला बिल नसतं, दोन्ही पोचलं. इतकी दुर्मिळ की सुशीलाच्या आयुष्यात ती येईल असा विचारही कुणी करत नाही. म्हणून शेवटी तपासनीस पट्टी वर धरतो तेव्हा त्यानं काही बोलायची गरज उरत नाही. माझ्या हातात ही कथा असती तर त्याला गप्पच ठेवला असता, आणि बोलायला लावलं असतं बंड्याला: "काका, ही मला द्या की." पोराला हर्ष झालाय आणि आई त्याच्या मागे उभी आहे.

पेरणी एकदा करून भागतं का? सहसा नाही. लघुकथा माणूस बसमध्ये, फोनवर, तुटक तुटक वाचतो. शेवटाला लागणारी गोष्ट दोनदा यावी: एकदा खेळीमेळीत, आणि एकदा जरा वेगळ्या रूपात. दुसऱ्या वेळी नुसता उल्लेख पुरतो. तपासनीस खिशातून पट्ट्यांचा गठ्ठा काढताना बंड्या पुढे सरकतो, एवढ्यानंही वाचकाला डबा आठवतो.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण 'सांगू नका, दाखवा' हे वाक्य इतकं घासलं गेलंय की लेखक साधी गोष्टही लपवायला लागतात. तीन पानं झाली तरी माणसं कुठे आहेत, कशाला पळताहेत कळत नाही, आणि लेखकाला वाटतं आपण सूक्ष्म लिहितोय. उत्सुकता आणि गोंधळ यांत फरक आहे. 'ती पावसाला का घाबरतेय?' ही उत्सुकता. 'पाऊस म्हणजे खरा पाऊस की कशाचं तरी सांकेतिक नाव?' हा गोंधळ. पहिल्या प्रश्नावर वाचक पुढे जातो, दुसऱ्यावर मागे जाऊन परिच्छेद पुन्हा वाचतो. म्हणून वरच्या सुरुवातीत मिरची, ऊस, पत्रा, पदर हे सगळं ओळखीचं ठेवलं आणि विचित्र फक्त एकच गोष्ट ठेवली.

कधीकधी नियम सरळ सांगून टाकणंच योग्य असतं. टॉम गॉडविन यांची 'द कोल्ड इक्वेशन्स' ही 1954 ची कथा याचं चांगलं उदाहरण आहे. एकट्या वैमानिकाच्या छोट्या यानात सामानाच्या कपाटातून उष्णता येतेय असं उपकरण दाखवतं, म्हणजे आत कुणीतरी जिवंत माणूस लपलाय. इतकं घडल्यावर लेखक नियम थेट सांगतो: अशा यानात लपलेला प्रवासी सापडला की त्याला ताबडतोब बाहेर टाकायचं, कारण इंधन वजनाच्या हिशेबानं मोजून दिलेलं असतं. हे सगळं सांगून झाल्यावर कपाटाचं दार उघडतं, आणि आतून एक कोवळी मुलगी बाहेर येते. तिला नियम माहीत नाही. आपल्याला माहीत आहे. तिनं हसून विचारलेला प्रत्येक प्रश्न वाचताना म्हणूनच जड जातो.

नियम झाकून ठेवला असता तर ही कथा उभीच राहिली नसती. पण क्रम पाहा: आधी उपकरणाचा काटा हलला, वाचकाला 'आता काय?' असं झालं, आणि मग स्पष्टीकरण आलं. सुशीलाच्या कथेतही अशा एका सरळ वाक्याला जागा आहे. सासूचं भांडण संपल्यावर निवेदकानं म्हणावं: «ढग बुधवारचे पाटलाचे होते, शुक्रवारचे कारखान्याचे, सुशीलाचा वार कुठलाच नव्हता.» तोवर वाचक ढगांची मालकी असते हे हेरून बसलेला असतो, त्यामुळे हे वाक्य त्याला शिकवणी वाटत नाही, अंदाज बरोबर निघाल्याचं समाधान देतं.

लिहून झाल्यावर तपासायचं कसं? स्वतः वाचून कळत नाही, कारण वही आपल्या डोक्यात असते. ज्याला कथेतलं काहीच माहीत नाही अशा माणसाला पहिलं पान द्यावं, तिथे थांबवावं आणि दोनच गोष्टी विचाराव्यात: ती कशाला घाबरलीय, आणि ताडपत्री सुटली नाही तर काय होईल? 'बिल येईल बहुतेक, पण पावसाचं बिल कसं काय?' असं उत्तर आलं तर हवं तेच झालं. 'पिकाला रोग लागेल?' असं आलं तर मीटरचा दिवा त्याच्या नजरेतून सुटला, तो थोडा ठळक करावा लागेल, म्हणजे सुशीलानं एकदा तरी त्याच्याकडे वळून पाहायला हवं. शेवटाबद्दलही असंच. 'पट्टी पांढरी म्हणजे काय?' असं कुणी विचारलं तर दुरुस्ती शेवटच्या पानावर करण्याचा मोह होतो. तिथे हात लावू नये. बंड्याच्या डब्याकडे परत जावं आणि आजीचा टोमणा एका वाक्यानं लांबवावा.